३४० रुपये कुठे गेले?

दुकानाचं शटर ओढायच्या वेळी रोजकीर्दीला एकच प्रश्न विचारायचा असतो. सकाळी गल्ल्यात होते तेवढे पैसे, त्यात दिवसभरात रोख आलेले मिळवले आणि रोख गेलेले वजा केले, तर आत्ता मोजून निघतात तेवढेच उरतात का? बेरीज-वजाबाकी शाळकरी मुलाला जमेल अशी आहे. खरी मेख असते ती यातला प्रत्येक आकडा कुठून आणला यात, आणि सगळ्यात जास्त ती रोख विक्रीच्या आकड्यात असते.

अनेक छोट्या दुकानांत रोख विक्री अशी काढतात: रात्री गल्ला मोजायचा, त्यात दिवसभरात दिलेले पैसे मिळवायचे, सकाळची शिल्लक वजा करायची, आणि जे उरेल ते ‘आजची विक्री’ म्हणून लिहायचं. अशा वहीत मेळ रोज लागतो. वर्षभरात एक रुपयाचाही फरक पडत नाही आणि दुकानदार खूश असतो. पण हा मेळ लागणारच. विक्रीचा आकडाच मेळ बसवून काढलेला आहे. दुपारी कुणी गल्ल्यातून पाचशेची नोट काढली असती, तर त्या दिवशी विक्री पाचशेनं कमी लिहिली गेली असती आणि वही तितकीच सुरेख दिसली असती. मी एखाद्या दुकानाची वही तपासायला घेतो तेव्हा वर्षभरात ‘तूट’ हा शब्द एकदाही दिसला नाही, तर आधी विक्री कशी काढता तेच विचारतो. विक्री गल्ल्याच्या बाहेरून यायला हवी. बिलाच्या संगणकातून, बिलबुकातून, नाहीतर काउंटरवरच्या कच्च्या वहीतून, पण नोटा मोजायच्या आधी.

आता एक दिवस घेऊ. तालुक्याच्या गावचं किराणा दुकान, मंगळवार, बाजाराचा दिवस. काउंटरवर बिलाचा संगणक आहे आणि बिल करताना रोख, यूपीआय किंवा उधार यांपैकी एक प्रकार निवडावा लागतो. दिवसअखेर संगणक सांगतो की एकूण विक्री ५२,३८० रुपये झाली. त्यातली रोख ३१,२६०, यूपीआय १८,१२० आणि उधार ३,०००. रोजकीर्दीत या तिघांपैकी फक्त रोख जाते. उधारीचे तीन हजार खतावणीत गिऱ्हाइकांच्या नावे पडतील, यूपीआयचे बँकेत जातील. गल्ल्याशी दोघांचा संबंध नाही.

कीर्दीचं पान रात्री असं दिसत होतं. डावीकडे जमा:

श्री शिल्लक ८,४५०
रोख विक्री ३१,२६०
उधारी वसुली (तिघांची) ४,५००
पुठ्ठा-खोकी रद्दीत विकली ३४०
एकूण ४४,५५०

उजवीकडे नावे, म्हणजे गल्ल्यातून बाहेर गेलेली रोकड:

दूधवाला ३,६८०
हमाली २८०
टेम्पो भाडे ६५०
चहा १२०
नोकराला उचल १,०००
घरखर्चाला १,५००
बँकेत भरणा २०,०००
एकूण २७,२३०

४४,५५० मधून २७,२३० गेले की १७,३२० राहतात. वही म्हणते, गल्ल्यात एवढे असले पाहिजेत.

मोजणी कुणी आणि कशी करायची याबद्दल मी थोडा हट्टी आहे. जो मोजणार त्याला १७,३२० हा आकडा माहीत असता कामा नये. माहीत असला की हात त्या आकड्याकडे ओढला जातो. नोटांची गड्डी एकदा कमी भरली तर माणूस पुन्हा मोजतो, आणि बरोबर भरली की पुन्हा मोजत नाही. म्हणून एकानं वहीची बेरीज करावी, दुसऱ्यानं गल्ला मोजून कागदावर नोटावारी लिहावी, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. दुकानात एकच माणूस असेल तर त्यानं आधी गल्ला मोजावा, बेरीज नंतर करावी. नोटावारीचा कागद फेकून द्यायचा नाही, कीर्दीच्या त्या पानाला लावून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कुणी ‘वीसच्या नोटा पन्नासच्या गड्डीत तर गेल्या नाहीत ना?’ असं विचारलं तर उत्तर त्याच कागदावर असतं.

त्या रात्रीची नोटावारी: पाचशेच्या २२, दोनशेच्या ९, शंभरच्या ३१, पन्नासच्या ९, वीसच्या ११, दहाच्या २५ आणि १६० रुपयांची नाणी. एकूण १६,९८०. गल्ल्यातल्या चिठ्ठ्या यात धरलेल्या नाहीत. ‘गणूला दोनशे दिले’ अशी चिठ्ठी म्हणजे न लिहिलेला खर्च. ती वहीत चढवायची असते, नोटांबरोबर मोजायची नसते.

वही म्हणते १७,३२०, गल्ला म्हणतो १६,९८०. तूट ३४० रुपयांची.

आणि इथेच एक सापळा आहे. जमेच्या बाजूला पुन्हा नजर टाका. पुठ्ठा-खोक्यांचे ३४० रुपये. फरकही तेवढाच. कुणाच्याही मनात लगेच येईल की रद्दीचे पैसे वहीत लिहिले पण गल्ल्यात टाकलेच नाहीत, आणि रद्दी द्यायला गेला होता तो दुकानातला पोरगा. ‘काय रे, पुठ्ठ्याचे पैसे कुठे ठेवलेस?’ असा आवाज चढायला दोन मिनिटं लागत नाहीत. फरकाएवढी नोंद शोधणं ही चांगली सवय आहे, पण तशी नोंद सापडणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. किराणा दुकानाच्या पानावर दहा-पंधरा आकडे असतात आणि त्यांतला एखादा फरकाशी जुळणं अगदी सहज घडतं. या दिवशी पुठ्ठ्याचे पैसे गल्ल्यात आलेच होते. फरकात एकाहून जास्त चुका मिसळलेल्या होत्या आणि त्यांची गोळाबेरीज योगायोगानं ३४० झाली होती. हे कळायचा मार्ग एकच: एखाद्या नोंदीवर बोट ठेवून थांबायचं नाही, पान वरपासून खालपर्यंत पुराव्याशी ताडून पाहायचं.

पहिली ओळ श्री शिल्लक. ८,४५० हा आकडा कालच्या पानाच्या शेवटी लिहिलेल्या, मोजलेल्या रकमेशी जुळतो का? कालची वहीची शिल्लक वेगळी आणि मोजलेली वेगळी असेल तर मोजलेली पुढे आणायची. शिवाय रात्री गल्ल्यातले पैसे घरी नेत असतील तर ते सगळे सकाळी परत आले का, हेही विचारायचं. पहाटे घरातल्या कुणी भाजीला दोनशे काढून घेतले असतील तर दुकान उघडायच्या आधीच तूट तयार असते. इथे ८,४५० बरोबर होते.

मग विक्री. रोख विक्रीचा आकडा तपासायची सगळ्यात चांगली जागा गल्ला नाही, यूपीआय आहे. संगणक म्हणतो यूपीआयनं १८,१२० आले. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये त्या दिवशीचे सगळे व्यवहार बघून बेरीज केली तर १८,७६० निघाले. ६४० जास्त. संध्याकाळी सहाच्या सुमारास ६४० चा एक व्यवहार अ‍ॅपमध्ये आहे आणि त्याच वेळचं ६४० चं बिल संगणकात ‘रोख’ म्हणून आहे. गिऱ्हाइकानं रोख देतो म्हणून बिल करून घेतलं, पाकीट चाचपलं, आणि शेवटी कोड स्कॅन केला. काउंटरवर गर्दी असल्यानं बिलाचा प्रकार बदलायचा राहिला. बाजाराच्या दिवशी ही चूक सर्रास होते. रोख विक्रीतून ६४० काढले की ती ३०,६२० होते.

हे ताडताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी बघायची, बँकेत जमा झालेली रक्कम नव्हे, कारण दुकानाच्या खात्यात पैसे दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा येत असतील तर तारीखच जुळणार नाही. आणि कुणी जुनी उधारी यूपीआयनं फेडली असेल तर तेवढ्यानं अ‍ॅपची बेरीज बिलांपेक्षा जास्त दिसणारच, त्यात चूक काही नसते. उलट प्रकारही असतो. ओळखीचा माणूस म्हणतो, ‘दादा, पाचशे स्कॅन करतो, मला सुट्टे रोख द्या.’ बिल होत नाही, वहीत काही लिहिलं जात नाही आणि गल्ल्यातून पाचशे जातात. अशी देवाणघेवाण नाव्याच्या बाजूला ‘यूपीआयबदली रोख’ म्हणून त्याच क्षणी लिहिली नाही, तर रात्री ती कुणालाही आठवत नाही.

६४० ची दुरुस्ती केल्यावर गंमत होते. वहीची शिल्लक १७,३२० वरून १६,६८० वर येते आणि गल्ल्यात तर १६,९८० आहेत. तूट होती तिथे आता ३०० चा वाढावा. मघाशी पोरावर आवाज चढवून ३४० चा हिशेब ‘मिटवला’ असता, तर या टप्प्यापर्यंत कुणी आलंच नसतं. वाढाव्याचा अर्थ असा की आलेलं काहीतरी लिहायचं राहिलंय, किंवा दिलं त्यापेक्षा जास्त लिहिलंय. पुष्कळांना वाढावा म्हणजे आनंदाची गोष्ट वाटते आणि ते शोधत बसत नाहीत. तुटीइतकाच तो वाईट, कारण त्यामागे बहुतेक वेळा एखाद्या गिऱ्हाइकानं दिलेले आणि त्याच्या नावावर न चढलेले पैसे असतात. महिनाअखेर त्याच्याकडे पुन्हा मागणी गेली की भांडण ठरलेलं.

म्हणून तिसरी जागा उधारीची वही. कीर्दीत तिघांची वसुली लिहिली होती: १,५००, २,००० आणि १,०००. उधारीच्या वहीत मात्र त्या तारखेला चार जणांच्या पानावर ‘मिळाले’ लिहिलं होतं. चौथ्याचे ५०० दुपारी आले, त्याच्या पानावर चढले, कीर्दीत आले नाहीत. या वेळी गिऱ्हाईक सुरक्षित होतं, कीर्दच अपुरी होती. ५०० जमा धरले की वसुली ५,००० होते, वहीची शिल्लक १७,१८०, आणि मोजलेली १६,९८०. आता २०० ची तूट.

राहिली नाव्याची बाजू. तिथे प्रत्येक ओळीसमोर कागद ठेवायचा. बँकेच्या २०,००० ला भरणा पावती. तिच्यावरची तारीख आणि शिक्का बघायचा, कारण पैसे घेऊन गेलेला माणूस खिडकी बंद म्हणून परत आला असेल तर ते पैसे त्या रात्री बँकेत नसतात, कुणाच्या तरी पिशवीत असतात. टेम्पोवाल्याची पावती होती. हमाली आणि चहा यांना पावती मिळत नाही, तिथे दुकानाच्याच छापील चिठ्ठीवर रक्कम लिहून देणाऱ्याची सही घ्यायची. नोकराच्या उचलीवर नोकराची सही. दूधवाल्याचं बिल काढलं तर त्यावर ३,८६० आहेत आणि वहीत ३,६८०. आठ आणि सहा जागा बदलून बसले होते. दिले १८० जास्त आणि लिहिले कमी. दुरुस्ती केली की नाव्याची बेरीज २७,४१० होते.

जुने मुनीम अशा वेळी फरकाला नऊनं भागून बघत. शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. दशक आणि शतक स्थानांतले अंक बदलले तर तो नव्वदच्या पटीत असतो, आणि नव्वदनं किती वेळा भाग गेला त्यावरून त्या दोन अंकांत कितीचं अंतर आहे ते कळतं. १८० म्हणजे नव्वद दुणे, म्हणून आठ आणि सहा. युक्ती पक्की आहे आणि गणितानं सिद्ध होते. पण या दिवशी ती उपयोगी पडली नसती. ३४० ला नऊनं भाग जात नाही, ३०० ला नाही, २०० लाही नाही. फरकात दुसरं काही मिसळलेलं असलं की अदलाबदलीची खूण पुसली जाते. शिवाय नऊनं भाग जाणारा फरक निव्वळ योगायोगानंही येऊ शकतो. दुसरी एक युक्ती फरक निम्मा करायची. जमेची रक्कम चुकून नाव्याला लिहिली तर फरक तिच्या दुप्पट पडतो, म्हणून ३४० चे निम्मे १७० कुठे आहेत का ते बघायचं. तसा आकडा पानावर नव्हता. या युक्त्यांनी शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. शोध संपतो तो पावत्यांपाशीच.

तर आता जमा अशी: ८,४५० शिल्लक, ३०,६२० विक्री, ५,००० वसुली, ३४० रद्दी, एकूण ४४,४१०. नावे २७,४१०. राहिले १७,०००. मोजलेले १६,९८०. वीस रुपये कमी, आणि त्यांचं कारण सापडत नाही. बाजाराच्या गर्दीत कुणाला तरी दहाच्या जागी वीसची नोट गेली असेल, कुणाला सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपये सोडले असतील. हे वीस रुपये मालकानं स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाकायचे नाहीत आणि चहाच्या खर्चात १२० चे १४० करून लपवायचेही नाहीत. ‘रोख तूट २०’ अशी नाव्याला ओळ लिहायची आणि अखेरची शिल्लक १६,९८० दाखवायची. उद्या सकाळची श्री शिल्लकही १६,९८० च. खोडायची गरज पडली तर चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहावा आणि सही करावी. पांढरी शाई लावलेला आकडा मी तरी खरा धरत नाही.

या तुटीच्या ओळी महिन्याच्या शेवटी एका कागदावर उतरवल्या की त्यांच्यातून बरंच कळतं. कधी दहा कमी, कधी पंधरा जास्त, कधी काहीच नाही, असं दोन्ही बाजूंना हललेलं असेल तर तो सुट्ट्यांचा घोळ. कायम कमीच, आणि तेही ठरावीक वारी किंवा ठरावीक माणूस काउंटरवर असताना, तर मग विचारायला हवं. आधी काउंटरवरचा भाव बघावा, माणूस नंतर. संगणकात एखाद्या वस्तूचा भाव जुना राहिला आणि काउंटरवरचा माणूस तोंडी बरोबर, नवा भाव घेत असेल, तर रोज थोडा वाढावा दिसतो. भाव उतरला असेल तर रोज थोडी तूट.

आणखी एक खूण मोजणीशिवायही दिसते. कीर्दीतली रोख शिल्लक कधीच उणे येऊ शकत नाही, कारण गल्ल्यात नसलेली नोट कुणाला देता येत नाही. तरी वर्षअखेरीला वह्या चाळताना मार्चमधल्या एखाद्या तारखेला शिल्लक उणे चार हजार दिसते. मालकानं घरून पैसे आणून गल्ल्यात टाकले आणि जमेला लिहिले नाहीत, हे त्यातलं सगळ्यात साधं कारण. दुसरं म्हणजे तारखा मागेपुढे करून लिहिलेल्या नोंदी. काही अपवाद सोडले तर एका दिवसात एकाच पार्टीला दहा हजारांवर रोख दिले की प्राप्तिकरात तो खर्च धरत नाहीत. म्हणून आज अठरा हजार देऊन नऊ काल आणि नऊ आज असे लिहिणारे असतात. वही कागदावर जुळते, पण कालच्या रात्रीची नोटावारी असेल तर गल्ल्यात नऊ हजार जास्त भरलेले असतात. ज्या दुकानात नोटावारी ठेवत नाहीत तिथे ही गोष्ट लपते.

आणि मेळ पैशापर्यंत लागला तरी काही गोष्टी या तपासणीत दिसतच नाहीत. गिऱ्हाइकाला माल दिला, बिल केलं नाही, पैसे खिशात गेले, तर विक्रीही लिहिली जात नाही आणि रोकडही येत नाही. दोन्ही बाजूंनी सारखंच गायब, त्यामुळे फरक शून्य. बिल करून गिऱ्हाईक गेल्यावर ते संगणकात रद्द केलं तरी तसंच. हमालीच्या चिठ्ठीवर २२० च्या जागी २८० लिहून ६० रुपये वाटून घेतले तरी तसंच. यासाठी वेगळे कागद बघावे लागतात. रद्द झालेल्या बिलांची यादी संगणक देतो, ती मालकानं रोज रात्री गल्ल्याबरोबरच उघडावी आणि प्रत्येक रद्द बिलासमोर कारण लिहिलेलं आहे का ते पाहावं. हमालीचा दर पोत्यामागे ठरलेला असतो, तेव्हा टेम्पोतून किती पोती उतरली ते माल आल्याच्या नोंदीवरून घेऊन गुणाकार करावा. बिलाशिवाय गेलेला माल मात्र गल्ल्यात कधीच सापडत नाही. त्यासाठी तेलाचे डबे, साखरेची पोती, चहाची खोकी अशा मोजक्या महाग वस्तू आठवड्यातून एकदा मोजून खरेदी आणि बिलांशी ताडाव्या लागतात. ते काम रोजकीर्दीचं नाही, मालाच्या वहीचं आहे.